अर्धशिशीआधी डोळ्यांसमोर नागमोडी रेषा दिसतात? मग हृदयाला धोका किती?

‘मायग्रेन असलेल्या महिलांना हार्ट अटॅकचा धोका जास्त’, असा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. त्यात थोडं खरं आहे, पण महत्त्वाचा अर्धा भाग गाळलेला असतो.

सगळ्या अर्धशिशीला हे लागू होत नाही. हा वाढलेला धोका प्रामुख्याने ‘ऑरा’ असलेल्या अर्धशिशीत दिसला आहे. ऑरा म्हणजे डोकं दुखायला लागण्याआधी दिसणारी खूण. नजरेत एक चमकता ठिपका येतो, त्याची नागमोडी रेषा होते आणि ती हळूहळू पसरत जाते. काहींना हाताला किंवा ओठांना मुंग्या येतात. हे पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत चालतं आणि मग ठणका सुरू होतो. नुसती उन्हाने किंवा उपवासाने उठणारी डोकेदुखी म्हणजे ऑरा नव्हे.

आता आकडा पाहू. अमेरिकेत 45 वर्षांवरच्या 27,858 महिला आरोग्य कर्मचाऱ्यांचा वीस वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला गेला. त्याचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा त्या आजारांनी मृत्यू, असं सगळं मिळून ऑरा असलेल्या 1000 महिलांमागे वर्षाला 3.36 घटना घडल्या. ऑरा नसलेल्या किंवा अर्धशिशीच नसलेल्या महिलांमध्ये हे प्रमाण 2.11 होतं.

म्हणजे धोका सुमारे दीडपट. ऐकायला भीतीदायक आहे, म्हणूनच मेसेजमध्ये तेवढंच येतं. पण हाच हिशोब दहा वर्षांचा करून बघा. ऑरा असलेल्या 1000 महिलांपैकी साधारण 34 जणींना त्रास होईल, ऑरा नसलेल्या 1000 पैकी 21 जणींना. फरक 13 जणींचा, आणि ऑरा असूनही 966 जणींना काहीच होणार नाही. त्या महिला अमेरिकेतल्या आणि बहुतांश गोऱ्या होत्या, त्यामुळे हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. वय कमी असेल तर मूळ धोका आणखी कमी असतो.

मग काळजी कशाची करायची? ऑरासोबत आणखी काय काय आहे, याची. समजा, कळवण तालुक्यात कांद्याच्या चाळीवर काम करणारी 36 वर्षांची एक बाई आहे. महिन्यातून दोनदा तिच्या डोळ्यांपुढे रेषा येतात. ती माला-एन घेते, सकाळ-संध्याकाळ मिसरी लावते आणि तिचं बीपी 150/96 आहे, पण ते तिला माहीतच नाही, कारण बीपी दुखत नाही.

यात सगळ्यात आधी बदलायची गोष्ट म्हणजे गोळी. माला-एनमध्ये इस्ट्रोजेन असतं आणि त्याने रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. ऑरा असलेल्या महिलांनी इस्ट्रोजेनची गर्भनिरोधक गोळी घेऊच नये, असं जागतिक आरोग्य संघटनेची नियमावली सांगते, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. एवढं बीपी असतानाही ती गोळी टाळायचीच असते. पण दुसरी सोय न करता ती एकदम बंद करून नको असलेली गर्भधारणा ओढवून घेऊ नका. तांबी (कॉपर-टी) हा पर्याय आहे, त्यात इस्ट्रोजेन नसतं. अडचण अशी की गोळी देताना डोकेदुखीबद्दल विचारलं जाईलच असं नाही. म्हणून आशाताईंना किंवा डॉक्टरांना आपणहून सांगा, ‘मला आधी रेषा दिसतात, मग डोकं दुखतं.’

दुसरी गोष्ट मिसरी. बऱ्याच बायका तिला तंबाखू मानतच नाहीत. दात घासायची पावडर आहे, असं म्हणतात. पण ती भाजलेली तंबाखूच आहे. तिच्यातलं निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं, बीपी आणि ठोके वाढवतं.

तिसरी बीपी. कळवणच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते मोजून घ्या. सोबत साखर आणि कोलेस्टेरॉलही तपासा. पुन्हा पुन्हा मोजूनही 140/90 किंवा त्याहून जास्त येत असेल, तर औषधाचं बोलायला हवं. बीपीची काही औषधं अर्धशिशीचे झटकेही कमी करतात, पण दमा असलेल्यांना त्यातली काही चालत नाहीत. त्यामुळे शेजारणीची गोळी नको. ‘रक्त पातळ होतं’ म्हणून रोज अ‍ॅस्पिरिन सुरू करणंही नको, त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

नुसतं डोकेदुखीवर औषध घेतल्याने हृदयाचा धोका कमी होतो, असं सिद्ध झालेलं नाही. तो कमी होतो बीपी, तंबाखू, साखर आणि गोळी या बाजूने.

एक फरक मात्र घरातल्या सगळ्यांनी ओळखावा. ऑरा हळूहळू पसरतो आणि तासाभरात जातो. पक्षाघात अचानक येतो: तोंड वाकडं होतं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतं, नजर एकदम जाते. असं झालं, किंवा नेहमीपेक्षा वेगळा ऑरा आला, तर ‘नेहमीची अर्धशिशी असेल’ म्हणून झोपू देऊ नका. 108 ला फोन करा आणि त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.