क्रूपचा खोकला आणि वजनावर ठरणारा एकच डोस

दिवसभर थोडी सर्दी, किंचित ताप. बाळ खेळतही असतं. रात्री बारा-एकच्या सुमाराला मात्र ते दचकून उठतं आणि कुत्रा भुंकावा तसा खोकतं. आवाज बसलेला असतो आणि रडताना श्वास आत घेतला की घशातून कर्कश 'हीऽऽ' असा सूर निघतो. या आजाराला क्रूप म्हणतात. सहा महिने ते तीन वर्षं या वयात तो जास्त दिसतो. बहुतेक वेळा तो विषाणूमुळे होतो, म्हणून अँटिबायोटिकचा त्यावर उपयोग नसतो.

आवाज घशातून येत असला तरी दुखणं टॉन्सिलचं नसतं. स्वरयंत्राच्या लगेच खाली श्वासनलिकेभोवती कूर्चेचं पूर्ण गोल कडं असतं. तिथे आतल्या अस्तराला सूज आली की तिला बाहेर पसरायला जागा नसते, त्यामुळे ती आतल्या बाजूलाच वाढते. बाळाची ही वाट चार मिलिमीटर रुंद असेल आणि चारी बाजूंनी एकेक मिलिमीटर सूज आली, तर मधे दोनच मिलिमीटर उरतात. म्हणजे हवेला जायची जागा चौथाईवर येते. मोठ्या माणसाला त्याच विषाणूने नुसता घसा बसतो, पण बाळाला श्वास ओढून घ्यावा लागतो, तो यामुळे.

म्हणून क्रूपमध्ये औषध द्यायचं ते सुजेवर. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड विषाणूला मारत नाही, अस्तराची सूज उतरवतं. तोंडाने दिलं तरी ते चांगलं शोषलं जातं, म्हणून बाळ गिळू शकत असेल तर सुई टोचायची गरज नसते. फरक अर्ध्या-एक तासात जाणवू लागतो आणि दोन तासांत बराच स्पष्ट होतो. एका डोसचा परिणाम साधारण दीड ते तीन दिवस टिकतो. क्रूपचा त्रासाचा काळही बहुधा दोन-तीन रात्रींचाच असतो. त्यामुळे एकदाच दिलेलं औषध त्या सगळ्या काळाला पुरतं आणि रोज द्यायचा कोर्स लागत नाही.

डोस वयावर नव्हे, वजनावर ठरतो. तो दोन प्रकारे सांगितला जातो. जुनी प्रचलित मात्रा दर किलोला 0.6 मिलिग्रॅम. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या डॉक्टरांनी 1990च्या दशकात तिचा चौथा हिस्सा, म्हणजे दर किलोला 0.15 मिलिग्रॅम, देऊन पाहिला आणि तोही उपयोगी ठरला. त्याच शहरात बाराशेहून अधिक मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2019मध्ये आले. त्यातही लहान मात्रा मोठीपेक्षा उणी ठरली नाही. आज ब्रिटनमध्ये 0.15 चालतं, कॅनडात आणि अमेरिकेत 0.6. दोन डॉक्टरांनी वेगळे आकडे सांगितले तर त्यातला एक चुकलाच असं समजू नये. श्वासाचा त्रास जास्त असेल तर अनेक डॉक्टर मोठी मात्रा पसंत करतात.

आता हिशेब पाहू. दीड वर्षाचं, 10 किलो वजनाचं बाळ आहे. लहान मात्रेने त्याला 1.5 मिलिग्रॅम लागेल, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या चुरून. मोठ्या मात्रेने लागेल 6 मिलिग्रॅम. इतक्या गोळ्या बाळाला चारणं कठीण, म्हणून डॉक्टर बऱ्याचदा इंजेक्शनचंच द्रावण सिरिंजने मोजून, सुई काढून, तोंडात घालतात. त्या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये 4 मिलिग्रॅम औषध असेल, तर 6 मिलिग्रॅमसाठी दीड मिलिलिटर घ्यावं लागतं.

गोंधळ होतो तो इथे. लहान मात्रेचा आकडा दीड मिलिग्रॅम आणि मोठ्या मात्रेचा दीड मिलिलिटर. कोणी 'दीड' एवढंच ऐकलं आणि दीड मिलिग्रॅमऐवजी दीड मिलिलिटर भरलं, तर बाळाला चौपट औषध जातं. प्रेडनिसोलोन हे दुसरं स्टिरॉइड सिरपमध्ये मिळतं, तिथेही हाच धोका आहे. त्याच्या बाटल्या कमी आणि तिप्पट तीव्रतेच्या अशा दोन्ही मिळतात आणि दिसायला सारख्याच असतात. म्हणून 'एक चमचा' एवढ्यावर समाधान मानू नये. बाळाचं वजन तिथेच काट्यावर करून घ्यावं. कागदावर औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि मिलिलिटर हे तिन्ही लिहून मागावं. मोजायला घरचा चमचा नको, सिरिंज हवी.

औषध दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत बाळाने उलटी केली, तर डोस पुन्हा द्यायचा का हे डॉक्टरांना विचारावं. स्वतःहून परत देऊ नये.

पुढचं काम आई-वडिलांचं. सगळे खोकल्याकडे लक्ष देतात आणि तो थांबला नाही म्हणून औषध लागू पडलं नाही असं समजतात. खोकला दोन-चार दिवस राहतोच. पाहायचा असतो श्वास, तोही बाळ शांत असताना किंवा झोपेत. कपडा वर करून छाती बघावी. रडतानाच कर्कश सूर येतो आणि शांत झाल्यावर जातो, बाळ दूध-पाणी पितं, तर त्रास सौम्य आहे. निजलेलं असतानाही सूर येत असेल, श्वासागणिक बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची जागा आत ओढली जात असेल, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावं. बाळ निळसर पडलं, अस्वस्थतेतून अचानक मलूल झालं, तर 108ला फोन करावा. दमलेल्या बाळाचा श्वास उथळ होतो, म्हणून आवाज कमी होतो. आवाज घटला आणि बाळ मात्र गळून गेलं, तर ती सुधारणा नव्हे.

रुग्णालयात नेब्युलायझरने अ‍ॅड्रेनालिन देतात. त्याने दहा-वीस मिनिटांत आराम पडतो, पण दोनेक तासांत तो ओसरतो. म्हणून बरं वाटू लागल्यावरही डॉक्टर तीन-चार तास थांबवून ठेवतात. तोवर स्टिरॉइड काम करू लागलेलं असतं.

क्रूप रात्री उसळतो, म्हणून पुढच्या दोन रात्री बाळाजवळच झोपावं. बाळाला कडेवर उभं धरावं आणि रडवू नये, कारण रडण्याने वाट आणखी आवळते. वाफाऱ्याने फायदा होत नाही, भाजण्याची भीती मात्र असते. घसा पाहण्यासाठी तोंडात चमचा घालू नये.

काही बाळांचं दुखणं क्रूपसारखं दिसतं, पण वेगळं असतं. शेंगदाणा खाताना ठसका लागून अचानक सूर सुरू झाला, खूप ताप येऊन लाळ गळते आहे आणि बाळ पुढे वाकून बसलं आहे, किंवा लसी चुकल्या आहेत आणि घशात राखाडी पापुद्रा दिसतो, तर स्टिरॉइडची वाट न पाहता थेट रुग्णालयात जावं.

एका डोसने बाळ एखादा दिवस चिडचिडं होईल, झोप कमी होईल. त्याहून जास्त त्रास सहसा होत नाही. घरात कोणाला कांजिण्या असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगावं. आणि उरलेली बाटली पुढच्या सर्दीसाठी जपून ठेवू नये. साध्या खोकल्यात स्टिरॉइडने उतरवण्याजोगी ती सूजच नसते. पुन्हा पुन्हा दिलेल्या स्टिरॉइडने मात्र वाढ खुंटू शकते आणि प्रतिकारशक्ती घटते.