दीडचे साडेपाच होतात तेव्हा

१९७१ साली मायकेल हार्ट यांनी इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकला आणि प्रोजेक्ट गुटेनबर्ग सुरू झाला. सगळा मजकूर मोठ्या अक्षरांत होता. लहान अक्षरांचीच जिथे सोय नव्हती, तिथे ½ ची काय कथा! पुढे लहान अक्षरे मिळाली, पण आस्कीच्या १२८ जागांत अपूर्णांक नव्हते आणि अंशाची खूणही नव्हती. १९८७ च्या लॅटिन-१ संचात ¼, ½, ¾ आले, ⅓ आणि ⅛ मात्र नाहीत. म्हणजे एकाच रकान्यात दोन तऱ्हा.

२००० साली सुरू झालेल्या डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्सच्या स्वयंसेवकांनी यावर साधा तोडगा काढला: छापील 2½ असेल तर `2-1/2` लिहायचे. मधली आडवी रेघ वजाबाकीची नाही. ओळ मोडली तरी 2 वर आणि 1/2 खाली जाऊ नये, एवढ्यासाठी ती आहे. घातांकाला `^` दिला, त्यामुळे 10³ चे `10^3` झाले, 103 नव्हे. मला हा नियम आजही आवडतो. फक्त ‘1½–2½’ अशी व्याप्ती आली की रेघांची गर्दी होते. तिथे `1-1/2 to 2-1/2` बरे. आणि यातला `1-1/2` सूत्रात घातला, तर `=1-1/2` चे उत्तर अर्धा येते.

युनिकोड रुळल्यावर हे काम यंत्रावर सोपवता येईल असे वाटले. खरी गोम तिथेच निघाली.

```
import unicodedata
unicodedata.normalize("NFKC", "1½")  # '11⁄2'
```

½ सुटा होऊन आधीच्या 1 ला चिकटतो. त्यातली तिरकी रेघ बदलून साधी `/` केली की दीडचे साडेपाच! एका रकान्यात 1½, 2¼, ¾ आणि खाली बेरीज 4½ असे धरा. रूपांतरानंतर `11/2`, `21/4`, `3/4` यांची बेरीज साडेअकरा, तर खालचा `41/2` म्हणजे साडेवीस. बेरजेची ओळ असली की चूक अशी पकडता येते. नसली तर छापील पानच उघडावे लागते. उपाय एवढाच, की अंकाला लागून अपूर्णांक आला तर मध्ये आधी रेघ घालावी, मग चिन्ह सोडवावे. ⅓ चे 0.33 मात्र करू नये, कारण किंमत बदलते.

एककांत फूट-इंचाच्या ′ आणि ″ खुणा `'` आणि `"` होतात. कोनाच्या कला-विकलाही तशाच दिसतात, म्हणून रकान्याचे शीर्षक सोबत ठेवावे लागते. 60° F ला `60 deg. F` पुरते.

२००९ मध्ये युनिकोडने आपल्याकडच्या जुन्या हिशेबांतल्या पाव, अर्धा, पाऊण यांच्या खुणाही घेतल्या. त्यांना NFKC हातच लावत नाही. मोडी वहीतला पाव `1/4` करायचा तर त्याची जोडी आपणच सारणीत भरायची.