लहान मुलांसाठी स्पेसर आणि मास्कचा वापर

स्पेसर ही दम्याच्या औषधाचा पंप आणि रुग्णाचे तोंड यांच्यामध्ये जोडली जाणारी पोकळ नळी होय. तिच्या एका टोकाला पंप बसतो. दुसऱ्या टोकाला मोठ्यांसाठी तोंडात धरायची चोच आणि लहान मुलांसाठी नाक-तोंड झाकणारा मऊ मास्क असतो. चांगल्या स्पेसरमध्ये एक एकेरी झडप असते. मूल श्वास आत घेते तेव्हा ती उघडते, आणि बाहेर सोडलेली हवा नळीत न शिरता मास्कच्या बाजूने निघून जाते. साधारण चार वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क लागतो. त्यानंतर ओठ घट्ट मिटून चोच धरता येऊ लागली की मास्क काढावा, कारण नाकातून श्वास घेताना बरेच औषध नाकातच अडकते.

मोजून मात्रा देणारा पंप १९५६ मध्ये अमेरिकेतील रायकर लॅबोरेटरीज या कंपनीने बाजारात आणला. त्यातला फवारा फार वेगाने बाहेर पडतो, आणि पंप दाबणे व श्वास ओढणे ही दोन कामे एकाच क्षणी साधावी लागतात. पुष्कळ प्रौढांनाही हे जमत नाही, मग दोन वर्षांच्या मुलाचे काय सांगावे! स्पेसरमध्ये फवाऱ्याचा वेग मंदावतो, मोठे थेंब नळीच्या भिंतीला चिकटतात आणि बारीक धुके काही सेकंद तरंगत राहते. मूल ते आपल्या नेहमीच्या श्वासाने ओढून घेते. औषध पोहोचते की नाही, हे मग मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: मास्क चेहऱ्याला किती नीट बसला आहे आणि किती श्वास घेतले गेले.

== मास्कची घडी ==

मास्कची वरची कड नाकाच्या दांड्यावर आणि खालची कड खालच्या ओठाखालच्या खळगीत किंवा हनुवटीवर टेकली पाहिजे. वरची कड डोळ्यांवर जात असेल तर मास्क मोठा आहे. ओठांचे कोपरे कडेखाली चिमटत असतील तर तो लहान आहे. मूल वाढते तसा मास्कही बदलावा लागतो. वर्षापूर्वी घेतलेला मास्क आज बसेलच असे नाही, आणि घरात ही गोष्ट बहुधा कुणाच्या लक्षात येत नाही.

गळती सर्वांत जास्त होते ती नाकाच्या दोन्ही बाजूंना, जिथे गाल आणि नाक यांच्यामध्ये उतार असतो. फट अगदी बारीक असली तरी नुकसान मोठे होते. हवा नेहमी सोप्या वाटेने जाते. बाहेरची हवा फटीतून सहज आत येत असेल तर झडप उघडून नळीतली औषधी हवा ओढण्याचे श्रम मुलाला करावेच लागत नाहीत. अशा वेळी पंप नीट दाबला, धुकेही दिसले, तरी छातीत जवळपास काहीच पोहोचत नाही. मुलाच्या तोंडासमोर दोन बोटे अंतरावर मास्क धरून औषध दिले असे समजणाऱ्या पालकांच्या बाबतीतही हेच घडते.

गळती ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. फवारा सोडल्यावर नाकाच्या बाजूने धुके बाहेर येताना दिसले, किंवा मूल श्वास घेत असूनही झडप हलली नाही, तर मास्क बसलेला नाही. म्हणून औषध सोडण्यापूर्वी मास्क लावून एक-दोन श्वास झडपेकडे पाहावे. ती हलू लागली की मगच पंप दाबावा. मास्क दाबून धरायचा नसतो. बोटांनी हलका, सर्व बाजूंनी सारखा दाब पुरतो. जोराने दाबला तर मऊ कड दुमडते आणि तिथेच नवी फट पडते.

रडणाऱ्या मुलाची अडचण वेगळी आहे. रडताना मूल लांबलचक उच्छ्वास सोडते आणि मधेच हुंदका घेऊन झटकन हवा आत ओढते. त्या वेगाने औषध घशातच आदळते. रडताना मूल जास्त हवा ओढते म्हणून औषधही जास्त जाते, हा समज चुकीचा आहे. मास्कची भीती औषधाची वेळ येण्याआधीच घालवावी. रिकामा स्पेसर मुलाच्या हातात खेळायला द्यावा, तो बाहुलीला लावू द्यावा, आईने स्वतःच्या तोंडाला लावून दाखवावा. झोपेत औषध देण्याचा मार्ग सोपा वाटतो, पण मास्क लागताच बहुतेक मुले जागी होऊन रडतात.

== श्वास किती आणि का ==

वैद्यकीय सूचनांमध्ये एका फवाऱ्यामागे पाच ते सहा श्वास सांगितलेले असतात, तर तान्ह्या बाळासाठी कधी दहापर्यंत. हा आकडा कुठून येतो ते एका हिशेबाने कळते.

पुणतांब्यात राहणारी अडीच वर्षांची, १२ किलो वजनाची एक मुलगी उदाहरणादाखल घेऊ. शांतपणे घेतलेल्या एका श्वासात दर किलोमागे सुमारे ८ मिलिलिटर हवा आत जाते, म्हणजे तिच्या एका श्वासात साधारण १०० मिलिलिटर. मास्कच्या पोकळीत तिने आधी सोडलेली सुमारे ३० मिलिलिटर हवा अडकलेली असते आणि तीच पहिल्यांदा परत आत जाते. नळीतून ओढली जाते ती उरलेली ७० मिलिलिटर. लहान मुलांचे स्पेसर बहुधा १५० मिलिलिटरच्या आसपास असतात. नळीत नवी हवा येऊन मिसळत राहते, त्यामुळे पहिल्या श्वासानंतर सुमारे ६० टक्के औषध नळीतच राहते. दुसऱ्यानंतर ३६ टक्के, तिसऱ्यानंतर २२ आणि पाचव्यानंतर ८ टक्के उरते. सहाव्या श्वासानंतर थांबले तरी फारसे काही वाया जात नाही, पण दुसऱ्या श्वासाला मास्क काढला तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त औषध नळीतच राहते. पाच किलोच्या बाळाचा श्वास जेमतेम ४० मिलिलिटरचा असतो, त्यातही काही भाग मास्कमध्येच जातो, म्हणून त्याला जास्त श्वास लागतात.

मोजताना दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे आत आणि बाहेर अशा दोन्ही हालचाली मोजणे. यात सहा मोजले तरी प्रत्यक्षात तीनच श्वास होतात. झडप उघडली की एक, पुढच्या वेळी उघडली की दोन, असेच मोजावे. दुसरी चूक म्हणजे मास्क लागताच मूल श्वास रोखून धरते, तो वेळही मोजणीत धरणे. झडप पहिल्यांदा हलेल तेव्हापासूनच मोजायला सुरुवात करावी. झडप दिसत नसेल तर पोटाकडे पाहावे, कारण लहान मुलांचे पोट श्वासाबरोबर ठळकपणे वर येते. शांत असताना मिनिटाला ३० श्वास घेणाऱ्या मुलीला सहा श्वासांना १२ सेकंद लागतात. धाप लागलेली असताना मिनिटाला ४५ श्वास असले तर ८ सेकंद पुरतात. 'दहा सेकंद धरा' हा सल्ला याच दोन आकड्यांच्या मधला आहे, पण मूल रडत किंवा श्वास रोखत असेल तर सेकंदांवर विसंबता येत नाही.

== एक रात्र ==

गोदावरीकाठचे पुणतांबा उसाच्या पट्ट्यात आहे. तोडणीनंतर शेतात पाचट पेटवले जाते, आणि तो धूर, थंडी व सर्दी एकत्र आली की दमेकरी मुलांना त्रास होतो. या मुलीला रात्री खोकला आणि शीळ घातल्यासारखा आवाज सुरू झाला आहे, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेत साल्ब्युटामॉलचे दोन फवारे आहेत असे मानू. एका फवाऱ्यात हे औषध १०० मायक्रोग्रॅम असते.

आई तिला मांडीवर, पाठ स्वतःच्या छातीला टेकवून, ताठ बसवते. एका हाताने तिचे दोन्ही हात हलकेच कवेत घेते. पंप हलवून डबी वर राहील असा सरळ जोडते, मास्क लावते, झडप हलते आहे हे पाहते, एकच फवारा सोडते आणि सहा श्वास मोजते. मग मास्क काढून सुमारे अर्धा मिनिट थांबते, पंप पुन्हा हलवते आणि दुसरा फवारा त्याच क्रमाने देते. दोन्ही फवारे एकदम नळीत सोडून वेळ वाचवता येत नाही. थेंब एकमेकांना आणि भिंतींना चिकटतात आणि मिळणारे औषध उलट कमी होते. फवारा सोडून मग मास्क लावायला धावले, तरी तितकेच नुकसान होते.

वीस मिनिटांनी आराम नसेल तर दोन फवारे पुन्हा देता येतात, आणि आणखी वीस मिनिटांनी तिसऱ्यांदा. दोन तासांत सहा फवाऱ्यांहून जास्त गरज भासली, किंवा आराम तीन-चार तासही टिकला नाही, तर घरी थांबू नये. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडणे, दूध किंवा पाणी पिता न येणे, बोलणे तुटणे, ओठ निळसर होणे किंवा मूल गळून जाणे, यांपैकी काहीही दिसले तर मोजणी सोडून १०८ ला फोन करावा आणि वाटेत फवारे देत राहावे. खेड्यातून तालुक्याच्या रुग्णालयापर्यंतचा वेळ यात धरायचा असतो.

अशा वेळी 'वाफ' म्हणजे नेब्युलायझरच हवा, असा आग्रह आपल्याकडे पुष्कळ दिसतो. प्राणावर न बेतलेल्या झटक्यात स्पेसरने दिलेले फवारे मुलांना नेब्युलायझरइतकेच उपयोगी पडतात, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. स्पेसरला विजेची गरज नाही, हा गावाकडे लहान मुद्दा नाही.

== स्पेसर नसेल तेव्हा ==

केप टाऊनमधील हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात एक तुलना प्रसिद्ध केली. ५०० मिलिलिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तळाला पंपाच्या तोंडाच्या मापाचे भोक पाडून, सांधा गोंदाने बंद करून केलेला स्पेसर नेहमीच्या स्पेसरइतकाच गुणकारी ठरला. सांधा उघडा ठेवलेली बाटली त्याहून कमी आणि थर्मोकोलचा पेला सर्वांत कमी उपयोगी पडला. बाटलीला झडप आणि मास्क नसतो, म्हणून तोंड घट्ट मिटू शकणाऱ्या मोठ्या मुलांनाच ती चालते. तान्ह्यांना मास्कचा खरा स्पेसरच हवा.

== निगा ==

नव्या प्लॅस्टिकवर स्थिर वीज असते आणि ती औषध भिंतीकडे ओढते. त्यामुळे स्पेसर वापरण्यापूर्वी, आणि पुढे महिन्यातून एकदा, भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात बुडवून काढावा आणि आपोआप वाळू द्यावा. फडक्याने पुसल्यास वीज परत येते. मास्क मात्र साध्या पाण्याने धुवावा. रोजचे औषध ब्युडेसोनाइडसारखे स्टेरॉइड असेल तर प्रत्येक वेळी मुलाचा चेहरा ओल्या कापडाने पुसून त्याला पाणी पाजावे, नाहीतर गालावर पुरळ आणि तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते.

पंप रिकामा झाला हे हलवून कळत नाही, कारण औषध संपल्यावरही आत थोडा वायू उरतो. डबीवर आकडा दाखवणारा मोजक नसेल तर हिशेब लिहून ठेवावा. २०० मात्रांचा पंप सकाळ-संध्याकाळ दोन-दोन फवाऱ्यांनी ५० दिवसांत संपतो. सुरू केल्याची तारीख डबीवर लिहिली की पुढचा पंप कधी आणायचा ते त्याच दिवशी ठरते.