मागणीपत्र आले, पण स्लॅब झाला का?

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेताना पूर्ण किंमत एकदम दिली जात नाही. काम जसे पुढे सरकेल तसे हप्ते द्यायचे, अशी रचना करारात असते. एखादा टप्पा पूर्ण झाला की बिल्डर त्या हप्त्याची लेखी मागणी करतो. हेच मागणीपत्र, बोलीभाषेत ‘डिमांड लेटर’. टप्पा खरोखर पूर्ण झाला आहे आणि करारात त्याच टप्प्यासाठी तेवढी रक्कम ठरलेली आहे, या दोन गोष्टी खऱ्या असतील तरच ते पत्र योग्य ठरते. दोन्ही गोष्टी खरेदीदाराला स्वतः तपासता येतात.

किती टक्के, कोणत्या टप्प्याला

रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार विक्री करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. पुढच्या टप्प्यांसाठी महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांसोबत एक आदर्श करार दिलेला आहे. प्रत्येक टप्प्यापर्यंत एकूण किती टक्के रक्कम घेता येईल, त्याची कमाल मर्यादा त्यात आहे. करार झाल्यावर ३० टक्के, जोता पूर्ण झाल्यावर ४५ टक्के आणि पोडियम व स्टिल्टसह सर्व स्लॅब पूर्ण झाल्यावर ७० टक्के. त्यानंतर फ्लॅटच्या भिंती, आतला गिलावा, फरशी, दारे-खिडक्या झाल्यावर ७५ टक्के. संडास-बाथरूमची जोडणी, जिने, लिफ्टचे खड्डे आणि फ्लॅटच्या मजल्यापर्यंतची लॉबी झाल्यावर ८० टक्के. बाहेरचे प्लंबिंग, बाहेरचा गिलावा आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर ८५ टक्के. लिफ्ट, पंप, वीजजोडणी, प्रवेशद्वाराची लॉबी, फरसबंदी वगैरे झाल्यावर ९५ टक्के. उरलेले ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर ताबा देताना.

हे सर्व आकडे एकत्रित आहेत, म्हणजे ४५ टक्क्यांत आधीचे ३० टक्के धरलेले आहेत. नुसता सांगाडा उभा राहिला की ७० टक्के रक्कम गेलेली असते. भिंती, फरशी, नळ, लिफ्ट अशी वेळखाऊ आणि कुरबुरीची कामे उरलेल्या ३० टक्क्यांत होतात. म्हणून सुरुवातीच्या टप्प्यांची मागणी मुदतीआधी आली, तर खरेदीदाराचा हात लवकर रिकामा होतो आणि नंतरच्या दिरंगाईवर दबाव आणायला त्याच्याकडे फारसे काही उरत नाही.

बिल्डरच्या करारात हे टप्पे अधिक बारीक तुकड्यांत असू शकतात. सही करण्यापूर्वी ते आदर्श कराराशी ताडून पाहावेत. ‘पूर्ण झाल्यावर’ या शब्दांऐवजी ‘सुरू झाल्यावर’ असे लिहिले असेल, तर एवढ्या बदलानेच हप्ता काही आठवडे आधी येतो. टप्पा कोणत्या इमारतीचा, तेही स्पष्ट हवे. अनेक विंगच्या प्रकल्पात शेजारच्या विंगचा जोता झाला म्हणून आपल्या विंगच्या फ्लॅटचा हप्ता देय होत नाही.

स्लॅब मोजणे

सर्वाधिक मागणीपत्रे स्लॅबच्या टप्प्यात येतात आणि गोंधळही तिथेच होतो. उदाहरणादाखल स्टिल्ट अधिक १४ मजल्यांची विंग आणि तीत ८० लाखांचा फ्लॅट घेऊ. स्टिल्टवरचा, म्हणजे पहिल्या मजल्याची जमीन असलेला, स्लॅब पहिला. शेवटचा, गच्चीचा, पंधरावा. ४५ ते ७० टक्के या २५ टक्क्यांची करारात पाच हप्त्यांत विभागणी आहे असे धरले, तर दर तीन स्लॅबमागे ५ टक्के, म्हणजे ४ लाख रुपये देय होतील.

‘सहावा स्लॅब पूर्ण’ असे पत्र आले, तर साइटवर सहावा मजला शोधण्यापेक्षा जमिनीकडून वर काँक्रीटचे थर मोजावेत. सहावा स्लॅब म्हणजे सहाव्या मजल्याची जमीन आणि पाचव्या मजल्याचे छत. त्यावर भिंती नसतात, कारण तो मजला अजून उभाच राहायचा असतो. वर फळ्या ठोकून सळ्या बांधल्या असतील आणि काँक्रीट भरलेले नसेल, तर तो स्लॅब पूर्ण नाही. याउलट, स्लॅबखाली टेकू दिसतात म्हणून काम अपुरे समजण्याचे कारण नाही. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार स्लॅबचा गाळा ४.५ मीटरपर्यंत असेल तर टेकू साधारण ७ दिवसांनी काढता येतात, त्याहून मोठा असेल तर १४ दिवसांनी. भरलेल्या स्लॅबखाली काही दिवस टेकू असणे हा कामाचाच भाग आहे.

पोडियम असलेल्या इमारतीत मोजणी कुठून सुरू होते ते करारातच पाहावे. एकाच इमारतीचा ‘आठवा स्लॅब’ पोडियम धरून एक आणि न धरता दुसरा ठरतो. करारात खुलासा नसेल, तर पहिल्याच स्लॅबच्या पत्रावेळी तो ईमेलने मागून ठेवावा.

नोंदींवरून पडताळणी

प्रत्येक टप्प्याला साइटवर जाणे परगावी किंवा परदेशी राहणाऱ्यांना जमत नाही. त्यांच्यासाठी महारेराच्या संकेतस्थळावरील प्रकल्पाचे पान उपयोगी पडते. तिथे बिल्डरला दर तिमाहीला माहिती भरावी लागते. त्यातील आर्किटेक्टचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १, सर्वांत महत्त्वाचे. त्यात प्रत्येक इमारतीसाठी खोदकाम, तळघर व जोता, पोडियम, स्टिल्ट, वरचे स्लॅब, भिंती-गिलावा-फरशी, बाहेरचा गिलावा, लिफ्ट अशा ओळी असतात आणि प्रत्येकीसमोर किती टक्के काम झाले ते दिलेले असते. या ओळी आदर्श करारातील टप्प्यांशी जवळपास जुळतात, त्यामुळे मागणीपत्रातील दावा थेट त्यांच्याशी ताडता येतो. पंधरापैकी सहा स्लॅब झाले असतील, तर स्लॅबच्या ओळीत सुमारे ४० टक्के दिसायला हवे.

ही माहिती तीन महिन्यांपर्यंत जुनी असू शकते, तेव्हा थोडा फरक समजण्यासारखा आहे. मात्र पत्रात बारावा स्लॅब आणि नुकत्याच भरलेल्या फॉर्ममध्ये २० टक्के, असा फरक असेल तर प्रश्न विचारायलाच हवा. बहुतेक बिल्डर मागणीपत्रासोबत आर्किटेक्टचे स्वतंत्र पत्र जोडतात. त्यात विंगचे नाव, टप्पा, तारीख आणि आर्किटेक्टचा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे.

बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हा दुसरा दस्तऐवज. मुंबईत ते अनेकदा टप्प्याटप्प्याने मिळते. आधी जोत्यापर्यंत, मग ठरावीक मजल्यांपर्यंत. परवानगी दहाव्या मजल्यापर्यंत असताना तेराव्या स्लॅबची मागणी आली, तर काम झालेले असले तरी ते परवानगीबाहेरचे आहे, आणि ही बाब हप्त्याच्या तपासणीपेक्षाही गंभीर आहे.

गृहकर्ज असेल तर बँकेचा तांत्रिक तपासनीसही साइट पाहतो आणि काम किती टक्के झाले ते बँकेला कळवतो. कर्जाची रक्कम कामाच्या टप्प्यांशी जोडूनच द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना सांगितले आहे. तपासनीसाने मागणीपेक्षा कमी टक्के दाखवले, तर बँक तेवढेच पैसे सोडते आणि फरकाचा भार खरेदीदारावर येतो. अशा वेळी त्या अहवालातील टक्केवारी बँकेकडून विचारून घ्यावी. ती बिल्डरला दाखवण्याजोगी असते.

यांपैकी कोणतीही तपासणी कामाचा दर्जा सांगत नाही. स्लॅब आहे की नाही, एवढेच त्यातून कळते.

हिशेबाची बाजू

टप्पा खरा असला तरी आकडेमोड तपासावी. वरच्या उदाहरणात सहाव्या स्लॅबच्या हप्त्याची मूळ रक्कम ४ लाख. घर परवडणाऱ्या वर्गात बसत नसल्याने जीएसटी ५ टक्के, म्हणजे २०,००० रुपये. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल, तर आयकर कायद्यानुसार १ टक्का करकपात खरेदीदाराने करायची असते. जीएसटी वेगळा दाखवला असेल तर ती कपात मूळ रकमेवरच होते, म्हणजे ४,००० रुपये. ते खरेदीदाराने सरकारकडे भरायचे आणि त्याचे प्रमाणपत्र बिल्डरला द्यायचे. बिल्डरच्या खात्यात ३,९६,००० अधिक २०,०००, म्हणजे ४,१६,००० रुपये जातात. बँकेने पूर्ण ४,२०,००० परस्पर बिल्डरला पाठवले, तर कराचे ४,००० रुपये खरेदीदाराला खिशातून भरून नंतर बिल्डरकडे परत मागावे लागतात.

यानंतर एकूण बेरीज पाहावी. सहाव्या स्लॅबपर्यंत ५५ टक्के, म्हणजे जीएसटी सोडून ४४ लाख. आतापर्यंतचे सर्व हप्ते यापेक्षा जास्त भरत असतील, तर कुठेतरी एखादा टप्पा दोनदा किंवा आधीच लावला गेला आहे. शेवटी बँक खाते. पत्रातील खाते क्रमांक करारात दिलेल्या, प्रकल्पासाठी नेमलेल्या खात्याचाच हवा. रेरानुसार खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के जमीन व बांधकामाच्या खर्चासाठी वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. पैसे भलत्याच खात्यात गेले, तर हे संरक्षण पोकळ ठरते.

मतभेद झाल्यास

मागणी चुकीची वाटली म्हणून गप्प बसणे धोक्याचे आहे. उशिरावर व्याज लागते. महाराष्ट्रात ते स्टेट बँकेच्या सर्वाधिक एमसीएलआरपेक्षा २ टक्के जास्त दराने, आणि बिल्डरकडून खरेदीदाराला मिळणारे व्याजही त्याच दराने असते. आदर्श करारानुसार तीन हप्ते चुकल्यावर १५ दिवसांची नोटीस देऊन करार रद्द करण्याची तरतूदही आहे. म्हणून पत्रातील मुदत संपण्याआधी ईमेलने नेमकी हरकत नोंदवावी: कोणता टप्पा, करारातील कोणते कलम, कोणत्या तारखेला साइटवर काय दिसले. सोबत छायाचित्रे आणि फॉर्म १ ची प्रत जोडावी, आर्किटेक्टचे प्रमाणपत्र मागावे. ज्या रकमेबद्दल वाद नाही ती वेळेवर भरावी. उत्तर समाधानकारक नसेल, तर महारेराकडे तक्रार करताना हाच पत्रव्यवहार पुरावा ठरतो.

शेवटच्या ५ टक्क्यांच्या पत्रासोबत भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागावी. फर्निचरचे काम सुरू करायला किल्ली देतो, असे सांगून त्याआधी ही रक्कम मागितली जाते. पण किल्ली मिळणे म्हणजे कायदेशीर ताबा नव्हे, आणि प्रमाणपत्र मिळेपर्यंत हा हप्ता देय होत नाही.