पाणी ओसरल्यावर पक्षी वाढतात, की नुसते दिसतात?

नाशिक जिल्ह्यातलं नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला आणि ही उथळ पाणथळ तयार झाली. समजा, तिथे तीन हिवाळे पक्षी मोजून कुणी शोधनिबंध लिहिला. तो नियतकालिकाकडे पाठवताना संपादकाला एक पानभर पत्र लिहावं लागतं. निबंध परीक्षकांकडे जावा की तिथूनच परत फिरावा, हे ठरवताना संपादक बहुधा हे पत्र आणि सारांश आधी पाहतो.

नवखा संशोधक पत्रात लिहितो, ‘पाण्याची पातळी घटल्यावर पक्ष्यांची संख्या वाढली.’ जाणकार संपादकाला इथेच दोन शंका येतात. पहिली म्हणजे, पाणी आटल्यावर विखुरलेले पक्षी उरलेल्या डबक्यांभोवती गोळा होतात आणि पाणकणसाच्या आडचे उघड्यावर येतात. मग पक्षी वाढले, की नुसते जास्त दिसले? दुसरी शंका ऋतूची. हिवाळ्यापासून उन्हाळ्याकडे जाताना पाणी उतरतं आणि त्याच काळात स्थलांतरित पक्षी येतात नि जातात. तेव्हा हा बदल पाण्यामुळे झाला, की दिनदर्शिकेमुळे?

दुसऱ्या शंकेचं उत्तर नांदूरमध्यमेश्वरलाच सापडू शकतं. वरच्या धरणांतून पाणी येतं, कालव्यांना आवर्तन सुटतं, त्यामुळे एकाच महिन्यात पातळी वर-खाली होते. जानेवारीतच पाणी उतरल्यावर चिखलाच्या काठावर शेकाटे आणि तुतवार वाढले, बुडी मारणारी बदकं मात्र खोल पाण्याकडे सरकली, आणि पाणी चढताच चित्र उलटलं, तर ऋतू हे एकमेव कारण राहत नाही. छोट्या तुतवाराला काही सेंटिमीटर पाणी पुरतं, लांब पायांचा शेकाट्या त्याहून खोल पाण्यात उतरतो. म्हणून सगळ्या पक्ष्यांची बेरीज न मांडता गटवार निष्कर्ष द्यावा लागतो.

मोजणीतून असंच निघालं असेल, तर पत्रातलं मुख्य वाक्य असं व्हावं: ‘एकाच महिन्यातल्या वेगवेगळ्या पाणीपातळ्यांना केलेल्या मोजणीत चिखलात चरणारे पक्षी उथळ पाण्यासोबत वाढले आणि बुडी मारणारी बदके घटली, वनस्पतींआडचे पक्षी सुटत असल्याने हे आकडे दिसलेल्या पक्ष्यांचे आहेत.’ शेवटच्या अर्ध्या वाक्यामुळे निबंध दुबळा ठरत नाही. पहिली शंका लेखकाने स्वतः ओळखली आहे, हे त्यातून संपादकाला कळतं.

बाकीचा मजकूर थोडक्यात आटोपतो. हा निबंध याच नियतकालिकाच्या वाचकांसाठी का, तो इतरत्र पाठवलेला नाही, सर्व लेखकांची संमती आहे, हितसंबंध कोणते, अभयारण्यात काम करण्यासाठी वनविभागाची परवानगी घेतली होती का, एवढं सांगायचं. ‘पाणथळ जागांचा ऱ्हास होत आहे’ अशी सुरुवात टाळावी. संपादकाला ते ठाऊक असतं. त्या ओळीची जागा आवर्तनाच्या तारखांना आणि पातळीच्या नोंदींना द्यावी, कारण या निबंधाचा सारा भार त्यांच्यावर आहे.