खर्चाची दरी वरून पाहा

वरून उघडी, चार हजार लिटर म्हणजे चार घनमीटर पाणी मावेल अशी पत्र्याची चौकोनी टाकी बनवायची आहे. हिशेबापुरतं धरू की पत्रा आणि वेल्डिंग मिळून एका चौरस मीटरला हजार रुपये पडतात. लांबी आणि रुंदी आपण ठरवायची. पाणी तेवढंच राहायला हवं, म्हणून उंची आपोआप ठरते. टाकी पसरट केली तर तळाला पत्रा जास्त लागतो, अरुंद केली तर भिंती उंच जातात आणि पत्रा तिथे खपतो. मधे कुठेतरी सगळ्यात स्वस्त टाकी आहे. ती शोधायची.

ज्याच्याकडे एक्सेल आहे तो अशा वेळी हमखास एक गोष्ट करतो. लांबी एका अक्षावर, रुंदी दुसऱ्यावर, खर्च उभ्या अक्षावर, आणि थ्रीडी सरफेस चार्टचं बटण. पडद्यावर रंगीबेरंगी झोळी उमटते आणि सभेत सगळे माना डोलावतात. मग कुणीतरी विचारतं, ‘दीड मीटर रुंदी आणि तीन मीटर लांबी घेतली तर किती पडेल?’ त्या चित्रावर बोट ठेवून याचं उत्तर कुणालाच देता येत नाही.

अडचण मुळातच आहे. पडदा सपाट असतो. त्यावरच्या ठिपक्याला आडवं आणि उभं असे दोनच आकडे असतात, आणि आपल्याला मात्र तीन वाचायचे असतात. ठिपका जरा वर दिसला तर तो महाग आहे की नुसता मागे आहे, हे चित्र सांगू शकत नाही. आलेख फिरवला की तोच ठिपका दुसरीकडे सरकतो. चार्टच्या मागच्या भिंतींवर रेघा आखलेल्या असतात, पण झोळी हवेत लोंबत असते. तिच्यापासून त्या भिंतीपर्यंत नजरेनं सरळ रेघ ओढायची म्हणजे अंदाजच. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी 1984 साली प्रयोगांनिशी दाखवलं होतं की एकाच मोजपट्टीवरची जागा माणूस बऱ्यापैकी अचूक वाचतो, पण कोन, क्षेत्रफळ, घनफळ वाचताना चुका वाढत जातात. सरफेस चार्ट आपल्याकडून ती मोजपट्टीच काढून घेतो.

दुसरी अडचण आपल्या टाकीत ठळक दिसते. लांबी-रुंदी अर्ध्या मीटरपासून चार मीटरपर्यंत घेतल्या, तर अर्धा बाय अर्धा मीटरची टाकी सोळा मीटर उंच होते! तिचा खर्च 32,250 रुपये. तशी टाकी कुणी बांधणार नाही, पण चार्टच्या एका कोपऱ्यात तिचा कडा उभा राहतो आणि उभा अक्ष सगळा त्याच्यासाठी खर्ची पडतो. सगळ्यात स्वस्त टाकी दोन बाय दोन मीटर, उंची एक मीटर, खर्च 12,000. कडा आणि तळ यांच्यात साधारण वीस हजारांचं अंतर. चित्रात ते दहा सेंटीमीटर उंच काढलं, तर पाचशे रुपयांचा फरक जेमतेम अडीच मिलिमीटर भरतो. ज्या भागात निर्णय घ्यायचा आहे तोच भाग सपाट दिसतो, आणि कडा आपल्या बाजूला आला तर त्याच्या आड दडतोही.

एक्सेलची आणखी एक खोड आहे. सरफेस चार्टमध्ये तो आडव्या अक्षांवरचे आकडे नुसती नावं म्हणून घेतो. अर्धा, एक, दोन, चार असे आकडे दिले, तर चौघांमध्ये सारखंच अंतर ठेवतो. झोळीचा आकारच चुकतो आणि चित्र तर बरोबर वाटतं. म्हणून पायरी नेहमी समान ठेवावी, इथे 0.1 मीटर.

मग करायचं काय? सह्याद्रीत फिरणाऱ्यांना उत्तर ठाऊक आहे. डोंगराचा नकाशा वरून काढतात आणि समान उंचीच्या जागा एका रेषेनं जोडतात. 1774 साली स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगरावर झालेल्या मोजमापांवरून डोंगराचं वस्तुमान काढताना चार्ल्स हटन यांनी हीच युक्ती वापरली होती. खर्चाचंही तसंच करायचं: लांबी आडवी, रुंदी उभी, आणि समान खर्चाच्या रेषा. आता दोन्ही अक्ष मोजपट्टीवर वाचता येतात आणि कशाच्याही आड काही लपत नाही.

रेषा कुठल्या रकमांच्या काढायच्या, हे मात्र आपण ठरवायचं. संगणकावर सोडलं तर तो सारख्या अंतरानं 16, 20, 24 हजारांच्या काढेल आणि तळ पुन्हा एकरंगी डबकं होईल. आपण 12,100, 12,500, 13,000, 14,000, 16,000 आणि 20,000 अशा, तळाशी दाट रेषा घेऊ. दोन बाय दोनभोवती बंद कडी दिसतात आणि ती तिरपी, लांबट असतात. त्या तिरपेपणात अर्थ आहे: लांबी वाढवताना रुंदी कमी केली तर खर्च हळू वाढतो, दोन्ही एकदम वाढवल्या तर भराभर वाढतो. तीन बाय दीडची टाकी बरोबर 12,500 च्या रेषेवर बसते. सभेतल्या प्रश्नाचं उत्तर बोटाखाली आलं.

समजा गच्चीवर रुंदीला 1.2 मीटरच जागा आहे. नकाशावर त्या रुंदीवर आडवी रेघ ओढायची आणि ती सगळ्यात स्वस्त कुठल्या कड्याला नुसती टेकते ते पाहायचं. ती टेकते लांबी सुमारे 2.58 मीटर असताना, उंची 1.29 मीटर, खर्च सुमारे 12,860. लांबी दोन मीटरच धरून बसलो असतो तर 13,067 लागले असते. जागेच्या अडचणीची किंमत साडेआठशे-नऊशे रुपये, एवढं समजलं की मालकाशी बोलणं सोपं होतं.

ज्यांना समखर्च रेषा परक्या वाटतात त्यांच्यासाठी साधे काप काढावेत. रुंदी 1.2, 2 आणि 3 मीटर अशी धरून तीन वक्र एकाच आलेखावर: लांबी आडवी, खर्च उभा. तळ अनुक्रमे 2.58, 2 आणि 1.63 मीटरवर येतो. तळ सरकतो याचा अर्थ लांबी आणि रुंदी वेगवेगळ्या ठरवून चालणार नाही. वर्गात शिकवताना मी हाच आलेख आधी दाखवीन.

आणि घाईत असाल तर चार्टच नको. पहिल्या ओळीत रुंद्या, पहिल्या स्तंभात लांब्या, आणि B2 मध्ये हे सूत्र टाकून सगळीकडे ओढा:

```
=1000*($A2*B$1+8/$A2+8/B$1)
```

मग कंडिशनल फॉरमॅटिंगमधली कलर स्केल लावा. आकडाही दिसतो, रंगही. खर्चाऐवजी ‘किमान खर्चापेक्षा किती टक्के जास्त’ हा आकडा भरला आणि वीस टक्क्यांपुढचं सगळं एकाच रंगात टाकलं, तर अर्ध्या मीटरच्या कड्याचा त्रास तिथेच संपतो. रंग मात्र फिक्याकडून गडदकडे जाणारा एकच घ्यावा. इंद्रधनुषी पट्टीत पिवळा उगाच उठून दिसतो आणि नसलेल्या सीमा दिसू लागतात. मॅटप्लॉटलिबनं 2017 मध्ये आवृत्ती 2.0 पासून तशी ‘जेट’ पट्टी मूळ निवडीतून काढली ती याच तक्रारींमुळे.

झोळीचं चित्र अगदीच टाकाऊ नाही. दरी एक आहे की दोन, मधे खिंड आहे का, एवढं सांगायला ते चालतं, तेही हातानं फिरवता येत असेल तर. छापील पानावर नको. तळाचा पत्रा भिंतीच्या पत्र्यापेक्षा जाड घ्यायचा ठरलं, तर तळाचा दर हा तिसरा आकडा हिशेबात येतो, आणि झोळीला तो दाखवायला जागाच उरत नाही. समखर्च रेषांचे तीन छोटे नकाशे, तळाचा दर 1,000, 1,500 आणि 2,000 धरून, त्याच रकमांच्या रेषांनी शेजारी शेजारी ठेवले, की दर वाढेल तशी कडी कोपऱ्याकडे सरकताना दिसतात: टाकी लहान तळाची, उंच होत जाते.