मोबाइल बदलला, ओटीपी मात्र जुन्याच पत्त्यावर

साताऱ्याच्या मावशीचा जुलैत फोन आला. "अरे, त्या इन्कम टॅक्सच्या साइटवर जाता येत नाहीये. पासवर्ड आठवत नाही, आणि नवीन करायला गेलं की म्हणतंय, मोबाइलवर आकडा पाठवलाय. माझ्या मोबाइलवर तर काहीच येत नाही."

मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली त्याला सात वर्षं झाली. मुदत ठेवींच्या व्याजावर बँकेने कापलेला टीडीएस परत मिळवायचा म्हणून दरवर्षी विवरणपत्र भरते. गेल्या दिवाळीत मुलाने तिला स्वतःच्या कुटुंबाच्या प्लॅनमध्ये नवा नंबर घेऊन दिला, आणि जुन्या प्रीपेड नंबराचा रिचार्ज थांबला. दोनदोन नंबर कशाला, एवढाच विचार.

मी तिला आधी जुन्या नंबरावर फोन करायला सांगितलं. तिकडून एका मुलाचा आवाज आला. म्हणजे नंबर आता दुसऱ्याचा होता. यात कोणाची लबाडी नाही. सलग ९० दिवस न वापरलेला प्रीपेड नंबर कंपनी बंद करू शकते, आणि बंद झाल्यावर आणखी ९० दिवस तो कोणालाही देता येत नाही. त्यानंतर तो नव्या ग्राहकाला जातो. दिवाळी ते जुलै हा हिशेब यात चपखल बसतो. नंबर नुकताच बंद पडला असता, तर सिम कंपनीच्या दुकानात जाऊन तो परत मिळतो का हे आधी पाहायला हवं होतं, कारण जुनं सिम जिवंत होणं हा सर्वांत सोपा मार्ग. सिम हरवलं असेल तर तोच नंबर नव्या सिमवर मिळतो, पण तिथेही एक गोष्ट माहीत असावी. सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. बोलणं होतं, पण ओटीपी येत नाही. लोक उगाच पोर्टल बिघडलं असं समजून पुन्हा पुन्हा बटण दाबत बसतात.

मावशीची अडचण समजून घ्यायची तर एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागेल. तिचा मोबाइल नंबर सरकारदरबारी एकाच वहीत लिहिलेला नाही. इन्कम टॅक्सच्या ई-फायलिंग खात्यात एक नोंद, आधारमध्ये दुसरी, बँकेत तिसरी. पॅनच्या नोंदीत आणखी एक, पण ती बदलून हे लॉगिन उघडत नाही. या वह्या एकमेकींकडे पाहत नाहीत. आधारमध्ये नंबर बदलला म्हणून ई-फायलिंगमध्ये आपोआप बदलत नाही, आणि बँकेत बदलल्याची आधारला खबर नसते. शिवाय बहुतेक ठिकाणी बदल करायच्या आधी ओटीपी मागितला जातो. तो जुन्या नंबरावर जात असेल, तर कुलपाची किल्ली कुलपाच्या आतच राहिल्यासारखं होतं. म्हणून पहिला प्रश्न असा की, यांतली कोणती वही ओटीपीशिवाय उघडते?

ती आधारची. केंद्रावर तुमचं बोट, डोळा किंवा चेहरा हीच ओळख. जुना मोबाइल लागत नाही, मोबाइल बदलायला कागदपत्रही लागत नाही. फक्त आधार क्रमांक आणि स्वतः माणूस.

तरीही निघण्याआधी खात्री करून घ्यावी. myaadhaar.uidai.gov.in वर आधार क्रमांक वैध आहे का हे तपासायची सोय लॉगिनशिवाय मिळते. तिथे वयोगट, राज्य याबरोबर जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. मावशीचे आकडे जुन्याच नंबराचे निघाले, तेव्हा तिला साताऱ्यातल्याच पोस्टातल्या आधार केंद्रावर पाठवलं. ७५ रुपये घेतले, अर्ज भरला. बोटाचे ठसे मशीनने तीनदा नाकारले, कारण वयाने आणि घरकामाने बोटांच्या रेषा झिजतात. मग त्यांनी डोळे स्कॅन केले आणि ते लगेच जमलं. "ठसे नाही आले तर डोळे घ्या म्हणायचं, हे कोणी सांगतच नाही," असं मावशी संध्याकाळी फोनवर म्हणाली. मी तिला दुसरी एक सूचना आधीच देऊन ठेवली होती, की ऑपरेटर नंबर टाकेल तेव्हा समोरच्या स्क्रीनवर दहाही आकडे मोठ्याने वाचायचे. तिथे एक आकडा चुकला तर पुन्हा रांग आणि पुन्हा ७५ रुपये. पोचपावतीवरचा नोंदणी क्रमांक मात्र जपून ठेवायचा; बदल झाला की नाही, हे त्यावरून पाहता येतं.

चौथ्या दिवशी तिच्या नव्या मोबाइलवर मेसेज आला. मीही त्या साइटवर पाहिलं, शेवटचे तीन आकडे बदललेले होते. काहींना यापेक्षा जास्त दिवस लागतात, म्हणून शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नये.

आता incometax.gov.in. लॉगिनच्या पानावर पॅन टाकून पुढे गेलं की पासवर्डच्या जागी Forgot Password दिसतं. तिथे ओळख पटवायचे पर्याय असतात. ई-फायलिंगमध्ये नोंदवलेल्या मोबाइलवरचा ओटीपी मावशीच्या उपयोगाचा नव्हता. डिजिटल स्वाक्षरी तिच्याकडे नाही. ती बहुतेक घरांत नसतेच. आधारच्या मोबाइलवरचा ओटीपी मात्र आता नव्या नंबरावर येणार होता. आधारचा पर्याय निवडला, सहा आकडी ओटीपी आला, नवा पासवर्ड ठेवला. पासवर्ड आठवत असता आणि खात्यावर जादा सुरक्षेचं कुलूप लावलेलं नसतं, तर एवढीही कसरत पडली नसती. पॅन आणि पासवर्डने आत जाता आलं असतं आणि नंबर आतूनच बदलता आला असता.

आत गेल्यावर खरं काम राहतं, आणि ते न करताच लोक बाहेर पडतात. My Profile मध्ये Contact Details उघडून जुना मोबाइल काढून नवा टाकायचा. पुष्टीचा ओटीपी नव्या मोबाइलवर येतो, ई-मेल बदलत असाल तर त्यावरही. मावशीच्या खात्यात ई-मेल कोणाचा निघाला म्हणता? सात वर्षांपूर्वी ज्या सायबर कॅफेवाल्याने तिचं पहिलं विवरणपत्र भरून दिलं, त्याचा. विभागाची पत्रं, नोटिसा, परताव्याची खबर, सगळं त्या अनोळखी पेटीत पडत राहिलं होतं. अशा जागी सल्लागाराचा मोबाइल आणि ई-मेल असणं आपल्याकडे सर्रास आहे. तो माणूस प्रामाणिक असला तरी दुकान बंद करतो, गाव सोडतो, नंबर बदलतो.

आधार ओटीपीच्या या मार्गात एक अट आहे, पॅन आणि आधार जोडलेले असले पाहिजेत. मावशीचे होते. ८० वर्षांवरच्या व्यक्तींना मात्र या जोडणीतून सूट आहे, आणि ज्यांनी त्या सवलतीचा आधार घेऊन जोडणी केलीच नाही त्यांच्यासाठी हे दार बंद राहतं. मग दुसरं दार नेट बँकिंगचं. लॉगिनच्या पानावर आपली बँक निवडता येते किंवा बँकेच्या साइटवरून ई-फायलिंगवर जाता येतं; बँकेत पॅन नोंदवलेला असला की पोर्टल पासवर्ड विचारत नाही. आत गेल्यावर मोबाइल तसाच बदलायचा. पण बँकेतही जुनाच नंबर असेल तर आधी शाखेत जाऊन पासबुक आणि ओळखपत्र दाखवून तो बदलून घ्यावा लागतो. परदेशातल्या मुलामुलींनाही हेच दार बरं पडतं, कारण आधार केंद्रावर मोबाइल बदलायला माणसाने भारतात हजर असावं लागतं.

मावशीलाही बँकेत जावंच लागलं, पण वेगळ्या कारणासाठी. विवरणपत्र भरून झालं की ३० दिवसांत त्याची पडताळणी करायची असते. बँक खात्याच्या मार्गाने ती करायची, तर बँकेतला मोबाइल आणि ई-फायलिंगमधला मोबाइल एकच असावा लागतो. तिच्या बँकेत जुनाच होता. आधार ओटीपीने तिचं काम त्या दिवशी भागलं, तरी मी तिला शाखेत धाडलंच. ज्या नंबरावर बँकेचे ओटीपी जातात तो आता दुसऱ्या गावातल्या अनोळखी मुलाच्या खिशात आहे, ही गोष्ट विवरणपत्रापेक्षा गंभीर होती. कोणताच ओटीपी मिळत नसेल, तर पडताळणीचा कागदी मार्ग अजून शिल्लक आहे. आयटीआर-व्ही छापून, सही करून स्पीड पोस्टाने बेंगळुरूच्या ५६०५०० पिनकोडच्या केंद्रावर पाठवायचा.

यांपैकी काहीच जमत नसेल तर ई-फायलिंगची मदतवाहिनी आहे, १८०० १०३ ००२५. हा नंबर पोर्टलवरूनच घ्यावा. गूगलवर शोधून सापडणाऱ्या नंबरांत भामट्यांचे नंबर बेमालूम मिसळलेले असतात. मदतवाहिनीवरचा माणूस पॅन विचारेल, पण तुमचा ओटीपी कधीच विचारणार नाही. तिथे ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्यावा.

जीएसटीच्या पोर्टलवर याच रोगावर इलाज निराळा. व्यापाऱ्याच्या नोंदणीत सल्लागाराने स्वतःचा मोबाइल आणि ई-मेल टाकला, आणि पुढे दोघांचं बिनसलं, हे इतक्या ठिकाणी घडलं की २०१८ साली सरकारने त्यासाठी कार्यपद्धती जाहीर केली. नोंदणी क्रमांक पोर्टलवर शोधला की कोणाच्या अखत्यारीत आपण आहोत ते दिसतं. त्या अधिकाऱ्याकडे धंद्याची कागदपत्रं घेऊन जायचं. तुम्ही नोंदीतले भागीदार, मालक किंवा अधिकृत स्वाक्षरीकर्ते आहात याची खात्री करून तो पुरावा चढवतो, नवा मोबाइल आणि ई-मेल टाकतो आणि पासवर्ड बदलतो. वापरकर्ता नाव आणि तात्पुरता पासवर्ड त्या नव्या ई-मेलवर येतात. मग नेहमीच्या लॉगिनऐवजी पहिल्यांदा लॉगिन करणाऱ्यांसाठीच्या दुव्यावरून आत जायचं असतं, आणि बरेच जण इथेच चुकून पुन्हा कचेरी गाठतात.

मावशीचा परतावा सप्टेंबरात आला. जुन्या नंबरावरच्या मुलाला तिने एकदा फोन करून सांगून ठेवलंय, की माझ्या नावाचा काही मेसेज आला तर पुसून टाक बाळा. आपण मात्र त्याच्या भरवशावर राहिलो नाही. तिची विमा पॉलिसी आणि गॅस जोडणी यांवरचा नंबर बदलायचं काम अजून चालू आहे.